‘सगळे स्पाइक आत येईपर्यंत डिफरन्स घ्या’ हा नियम कधीच थांबत नाही

“टाइम सिरीज ५ मिनिटांत! (१) एसीएफमध्ये एक जरी स्पाइक निळ्या रेषेच्या बाहेर असेल तर सिरीज स्टेशनरी नाही. (२) सगळे स्पाइक आत येईपर्यंत डिफरन्स घेत राहा, जास्त घेतल्याने काही बिघडत नाही. (३) सीझनल डिफरन्स वेगळा शिकायची गरज नाही, साधा डिफरन्सच पुरतो. (४) एडीएफची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की प्लॉट बघूसुद्धा नका. परीक्षेआधी सगळ्यांना पाठवा.”

फोरकास्टिंगचा कोर्स करणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय, आणि फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिने असाइनमेंट त्याबरहुकूम सोडवायला घेतली आणि शेवटी मला फोन केला: “मामा, तीनदा डिफरन्स घेतला तरी स्पाइक बाहेरच आहेत. चौथ्यांदा घेऊ का?” तिची आकडेमोड बिनचूक होती. चुकीचा होता तो नियम, आणि तो लिहिणाऱ्याने एकदाही स्वतः चालवून पाहिलेला नाही याची मला खात्री आहे.

एसीएफ म्हणजे सिरीजचा स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी किती संबंध आहे ते प्रत्येक अंतराला, म्हणजे लॅगला, दाखवणारा आलेख. स्टेशनरी म्हणजे जिची पातळी आणि हेलकावा काळाबरोबर बदलत नाही अशी सिरीज. दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

समजा तुमच्या हातात निव्वळ व्हाइट नॉइज आहे. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यांपासून स्वतंत्र, एसीएफमध्ये दाखवण्यासारखं काहीही नाही. तिचा उगाचच एक डिफरन्स घ्या. आजचा डिफरन्स म्हणजे आजचा आकडा वजा कालचा, आणि उद्याचा डिफरन्स म्हणजे उद्याचा वजा आजचा. आजचा आकडा दोन्हीकडे आला, एकदा अधिक चिन्हाने आणि एकदा उणे चिन्हाने. आज योगायोगाने आकडा मोठा पडला तर आजचा डिफरन्स वर जाणार आणि उद्याचा खाली. म्हणजे जिथे काहीच संबंध नव्हता तिथे लॅग १ वर उणे ०.५ चा स्पाइक आपणच तयार केला. व्हेरिअन्सही दुप्पट झाला.

आता नियमाप्रमाणे पुढे जा. स्पाइक बाहेर आहे म्हणून दुसरा डिफरन्स घेतला, तर लॅग १ वर उणे ०.६७ येतं आणि व्हेरिअन्स मूळच्या सहापट होतो. तिसरा घेतला तर उणे ०.७५, आणि व्हेरिअन्स वीसपट. हे कागदावर दहा मिनिटांत काढता येतं, संगणकही लागत नाही. प्रत्येक पायरीला स्पाइक निळ्या रेषेपासून आणखी लांब जातो. नियम म्हणतो आत येईपर्यंत थांबू नका, आणि नियमच त्याला बाहेर ढकलत राहतो. भाचीच्या चौथ्या डिफरन्सनेही काही झालं नसतं, आणि दहाव्यानेही नाही.

‘काही बिघडत नाही’ म्हणणाऱ्याने पुढचा अंदाज काय येतो तेही पाहावं. कोर्समध्ये हमखास दिला जाणारा डेटा घेऊ, तोच भाचीकडे होता: आंतरराष्ट्रीय विमान प्रवाशांचे १९४९ ते १९६० चे मासिक आकडे, हजारांत, एकूण १४४. जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेन्किन्स यांनी १९७० च्या त्यांच्या पुस्तकात तो तपशिलाने सोडवला आहे आणि तेव्हापासून तो शिकवला जातोय. नोव्हेंबर १९६० चा आकडा ३९०, डिसेंबरचा ४३२. साधा डिफरन्स दोनदा घेऊन पुढे काहीच जोडलं नाही, तर मॉडेलचा अंदाज शेवटच्या दोन बिंदूंतून जाणारी सरळ रेषा असतो. दर महिन्याला ४२ ची भर. जानेवारी ४७४, फेब्रुवारी ५१६ आणि डिसेंबर १९६१ ला ९३६. याच डेटामध्ये डिसेंबर १९५९ चा आकडा ४०५ होता, म्हणजे खऱ्या डिसेंबरने वर्षभरात फक्त २७ ची वाढ दाखवली होती. नाताळाच्या सुट्टीत वाढलेली गर्दी या मॉडेलने कायमची चाल समजून बारा वेळा मिळवली. अनिश्चिततेचा पट्टाही तसाच सुटतो: सिरीज खरोखर रँडम वॉक असेल, म्हणजे प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यात नुसता नॉइज मिळवून आलेला असेल, आणि तुम्ही एकाऐवजी दोन डिफरन्स घेऊन थांबलात, तर बारा महिन्यांपुढच्या अंदाजाचा पट्टा साधारण दहापट रुंद निघतो.

एक गोष्ट मान्य करायला हवी. मॉडेलमध्ये एमए पद, म्हणजे आधीच्या अंदाजातली चूक पुढच्या अंदाजात धरणारं पद, ठेवलं तर ते जादा डिफरन्सचा बराचसा परिणाम खोडून काढतं. पण त्याची खूणही उरते: `ma1` चा गुणांक उणे १ ला जाऊन चिकटतो. एसीएफमध्ये लॅग १ वर उणे ०.५ किंवा त्याखालचा स्पाइक, डिफरन्स घेतल्यावर कमी होण्याऐवजी वाढलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन, आणि उणे १ जवळचा `ma1` या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की एक पाऊल मागे घ्यायचं.

आता तिसरा मुद्दा, तोही याच डेटावर. डिफरन्सच्या आधी एक काम आहे ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. १९४९ मध्ये सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त महिन्यातलं अंतर ४४ होतं, १९६० मध्ये ते २३२ झालं. हेलकावा पातळीबरोबर मोठा होत गेला आहे, आणि डिफरन्सने तो आवरत नाही. त्यासाठी लॉग घ्यावा लागतो.

लॉगचा एसीएफ काढला की लॅग १ वर ०.९५, मग ०.९०, ०.८५, ०.८१ असा सावकाश उतरतो आणि लॅग १२ वरही ०.७६ शिल्लक असतो. ही ट्रेंडची खूण. नीट पाहिलं तर लॅग ९ ला ०.७३ वर आलेला आकडा १२ कडे जाताना किंचित वर चढतो, पण ट्रेंडच्या ओझ्याखाली तो फुगवटा सहज नजरेतून सुटतो. साधा एक डिफरन्स घेतला की ट्रेंड जातो आणि लपलेलं उघडं पडतं: लॅग १२ वर ०.८४ चा उंचच उंच स्पाइक. भाची याच स्पाइकशी झगडत होती. साधा डिफरन्स महिन्यातून मागचा महिना वजा करतो. जुलैतली गर्दी दर जुलैला येणारच, आणि जूनमधून जुलैला जाताना होणारी वाढही दरवर्षी येणारच. ती घालवायची तर जुलैमधून मागचा जुलै वजा करावा लागतो.

```r
y <- log(AirPassengers)
acf(diff(y))
acf(diff(y, lag = 12))
acf(diff(diff(y, lag = 12)))
```

दुसऱ्या प्लॉटमध्ये, नुसत्या सीझनल डिफरन्सनंतर, लॅग १ वर ०.७१, मग ०.६२, ०.४८ असा उतार राहतो, म्हणजे पातळी अजून भरकटते आहे. म्हणून वर एक साधा डिफरन्स. शेवटच्या प्लॉटमध्ये मग लॅग १ वर उणे ०.३४ आणि लॅग १२ वर उणे ०.३९ हे दोन ठळक स्पाइक दिसतात, बाकी किरकोळ. (आर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मासिक सिरीजमध्ये आडव्या अक्षावर वर्षं असतात, त्यामुळे लॅग १२ हा १.० वर सापडतो.)

हे दोन स्पाइक बाहेर आहेत, आणि तरीही इथे थांबायचं. सिरीज आता भरकटत नाही. जे उरलंय ते मॉडेलने सांगायचं आहे: लॅग १ साठी एक एमए पद, लॅग १२ साठी एक सीझनल एमए पद. बॉक्स आणि जेन्किन्स यांनी हेच केलं आणि त्या मॉडेलला आजही एअरलाइन मॉडेल म्हणतात. आरमध्ये त्याचे गुणांक साधारण उणे ०.४० आणि उणे ०.५६ येतात, उणे १ पासून बरेच लांब. स्टँडर्ड डेव्हिएशनही तेच सांगतं. लॉगचं ०.४४, सीझनल डिफरन्सनंतर ०.०६ च्या आसपास, साध्या डिफरन्सनंतर ०.०४६. आणखी एक घेतला तर ते पुन्हा ०.०७५ वर चढतं आणि लॅग १ चा स्पाइक उणे ०.६७ वर घसरतो. मेसेजचं ऐकून उरलेले दोन स्पाइक मारायला जाल, तर ज्यांच्यावरून मॉडेल ओळखायचं तेच गढूळ कराल.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकतो. वर पाहिला तसा सावकाश उतरणारा, लांबवर न मरणारा एसीएफ खरोखरच सिरीज स्टेशनरी नसल्याचा इशारा असतो. पण ‘एक जरी स्पाइक’ हे साफ चूक. निळ्या रेषा तपासतात ती व्हाइट नॉइजशी तुलना, स्टेशनरी असणं नव्हे. आजची किंमत कालच्या ०.७ पट अधिक नॉइज अशी सिरीज पूर्णपणे स्टेशनरी असते, आणि तिचे स्पाइक ०.७, ०.४९, ०.३४ असे ऐटीत बाहेर उभे असतात. शिवाय रेषा ९५ टक्क्यांच्या आहेत, म्हणजे व्हाइट नॉइजमध्येही वीस लॅगपैकी एखादा योगायोगाने बाहेर जाणारच. आणि आर काय किंवा पायथनचं `plot_acf` काय, दोन्ही आपणहून लॅग ० चा स्पाइक काढतात. तो नेहमीच १ असतो. मेसेज शब्दशः घेतला तर जगातली एकही सिरीज स्टेशनरी ठरणार नाही.

चौथ्या मुद्द्यातली एडीएफ ही चाचणी, तिची पी-व्हॅल्यू छोटी आली की सिरीज स्टेशनरी मानतात. त्यासाठी याच प्रवासी डेटावर दोन कमांड चालवा, लॉग न घेता. पायथनच्या `statsmodels` मधली `adfuller` पी-व्हॅल्यू सुमारे ०.९९ देते. आरच्या `tseries` मधली `adf.test` त्याच आकड्यांवर ०.०१ देते. पहिलीत नुसता कॉन्स्टंट असतो आणि लॅगची संख्या ती डेटावरून निवडते, इथे १३. दुसरीत कॉन्स्टंटसोबत सरळ ट्रेंडही असतो आणि लॅग फक्त ५, म्हणजे बारा महिन्यांचा फेरा तिच्या नजरेतच येत नाही. एडीएफ टाकाऊ नाही, पण ट्रेंड धरून की सोडून, किती लॅग घेऊन, हे ठरवल्याशिवाय तिचं उत्तर वाचता येत नाही, आणि ते ठरवायला प्लॉटच बघावा लागतो. फक्त `adf.test` च्या ०.०१ वर विसंबणारा विद्यार्थी ११२ पासून ४३२ पर्यंत चढत गेलेली, दर उन्हाळ्यात उसळणारी सिरीज एकही डिफरन्स न घेता स्टेशनरी म्हणून मॉडेलमध्ये घालेल.