तीन इयत्तांची एक मुलगी

परवापर्यंत माझी मुलगी एकाच वेळी पहिलीत, दुसरीत आणि तिसरीत होती. तिन्ही इयत्ता नियमात बसत होत्या, प्रत्येकीसाठी कुणी ना कुणी हटून बसलं होतं आणि मधे मी, हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊन.

आम्ही यंदा एप्रिलमध्ये इंग्लंडमधलं बिऱ्हाड मोडून पुण्याला आलो. कारणं सांगत बसत नाही, सासूबाईंनी ती सगळ्या सोसायटीला सांगितलेली आहेत. मुलीचा जन्म १४ डिसेंबर २०१८चा. तिकडे शाळेची रेघ ऑगस्टअखेर मारतात. १ सप्टेंबरपासून पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत जन्मलेली मुलं एका वर्गात, त्यामुळे डिसेंबरवाली आमची बाई वर्गात थोरली. चार पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात ‘रिसेप्शन’, मग इयर वन, मग इयर टू. हे इयर टू जुलैत संपणार होतं, आम्ही त्याआधीच निघालो. महाराष्ट्रात रेघ ३१ डिसेंबरला. त्या तारखेला सहा पूर्ण होणार असतील, तर त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत बसता येतं. म्हणजे ही इथे असती तर जून २०२४ला पहिली, २०२५ला दुसरी आणि यंदा तिसरी. बोटांवर मोजा. मी मोजून मोजून बोटं झिजवली आहेत.

शाळेच्या खिडकीतल्या मॅडमना मात्र बोटं चालत नव्हती. त्यांच्याकडे लॅमिनेट केलेला तक्ता होता. तिकडच्या इयरमधून एक वजा केला की आपली इयत्ता.

“इयर टू म्हणजे आपली पहिली. पुढं दुसरी,” त्या म्हणाल्या. मग तक्त्यावरचं बोट न उचलता, “पण थांबा. इयर टू पूर्ण झालंय का?”

“जुलैत झालं असतं.”

“म्हणजे अपूर्ण. मग पूर्ण झालेलं इयर वन. ते म्हणजे आपलं सीनियर केजी. सीनियर केजी झालेलं मूल कुठे जातं?”

“पहिलीत,” माझ्या मागून कुणीतरी आनंदाने म्हणालं.

मागे एक आजोबा होते. नातवाच्या प्रवेशासाठी आलेले, निवृत्त गुरुजी. गुरुजी निवृत्त होतात ते फक्त पगारातून, हे मला माहेरच्या अनुभवावरून ठाऊक होतं, तरी मी वळून बघितलं. तिथेच फसले.

“कागद राहू द्या,” आजोबा म्हणाले, “मूल समोर आहे ना? बाळ, इकडे ये. उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर.”

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी ‘कर बाई’ अशा अर्थाची मान हलवली. तिने हात डोक्यावरून नेला, पण मध्ये तिचा हेअरबँड, त्यावर कापडी फूल. बोटं कानाच्या वरच्या टोकाला टेकली.

“लागला!” आजोबा ओरडले.

“टोकाला लागलाय,” बाकावरच्या एका बाईंनी हरकत घेतली. “आमच्याकडे पाळी धरायला लावायचे.”

“पाळीचा आग्रह कुणीच धरत नसे. कानाला हात लागल्याशी मतलब.”

“मग फूल काढून बघा.”

फूल काढलं. मुलीने पुन्हा कान धरला, या वेळी पाळीसकट. बाकावर समाधान पसरलं. शिपाईसुद्धा चहाचा ट्रे घेऊन थांबला होता. मुलीला वाटलं की ही प्रवेशपरीक्षा आहे आणि तिने न सांगता डाव्या हाताने उजवाही कान धरून दाखवला.

“सहा पूर्ण,” आजोबांनी निकाल दिला.

“अहो, ती सात पूर्ण आहे,” मी म्हणाले. “सहाबद्दल वादच नाही.”

“मग सांगायचं नाही का आधी?” आजोबा माझ्यावरच उखडले. खिडकीतून मॅडमनी पुस्ती जोडली, “कान पहिलीपुरताच असतो. वरच्या इयत्तांना कान चालत नाही.”

तारखांचं एवढं काय घेऊन बसलात, हे आजोबांचं पुढचं म्हणणं. त्यांची स्वतःची जन्मतारीख १ जून. त्यांच्या थोरल्या भावाची १ जून. वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जून. आईला विचारलं तर ती पंचमीच्या आसपास म्हणायची, कुठल्या सालच्या ते तिलाही सांगता यायचं नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून मास्तरांनी सोयीची तारीख टाकून दिली आणि त्याच तारखेवर आजोबा नोकरीला लागले, निवृत्त झाले. हेवा वाटला हो मला. माझ्या मुलीच्या दाखल्यावर नोंदणी अधिकाऱ्याची सही आहे आणि तिला इयत्ता मिळत नाही.

हसू येतं खरं, पण त्या तक्त्याचा राग अजून गेलेला नाही. कारण तो वर्षातले आठ महिने बरोबर असतो. मुलीच्या तिकडच्या वर्गात तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण जून २०१९ची. तीही मराठी, आणि तेही लोक परत यायचं म्हणतायत. तिची सहा वर्षं डिसेंबर २०२५च्या आत पूर्ण झाली, म्हणजे इथे पहिली २०२५ला आणि यंदा दुसरी. तिच्यासाठी ‘एक वजा’ चोख. माझी मुलगी मात्र दोन रेघांच्या मधल्या फटीत जन्मलेली. सप्टेंबर ते डिसेंबरच्या मुलांना तिकडची रेघ मागे ओढते, इकडची पुढे ढकलते. त्यांच्यासाठी वजा काही करायचंच नाही. सप्टेंबरात तिकडे ही इयर थ्रीमध्ये गेली असती, इथे जूनमध्ये तिसरीत. एका बाकावरच्या दोन मुली विमानातून उतरल्या की दोन इयत्तांत. हे मी मॅडमना कागदावर काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, “छान काढलंय.” आणि पुन्हा तक्ता बघितला.

घरी दिराने आणखी तेल ओतलं. केंद्रीय विद्यालयांची रेघ ३१ मार्चला असते. त्या हिशेबाने सहा पूर्ण मार्च २०२५च्या आत, म्हणजे त्या एप्रिलमध्ये पहिली आणि यंदा दुसरी. एकाच गावात मुलगी एका फाटकातून दुसरीत जाणार आणि दुसऱ्या फाटकातून तिसरीत. मग आम्ही देश बदलला म्हणून एवढा गहजब कशाला?

शाळा सोडल्याचा दाखला हे वेगळंच प्रकरण. तिकडची प्राथमिक शाळा असला दाखला देत नाही, प्रगतीचा अहवाल देते. त्यात मुलगी ‘विचारपूर्वक प्रश्न विचारते’ असं दीड पान आहे, जनरल रजिस्टर नंबर कुठेच नाही. जन्मदाखलाही आम्ही आधी छोटा नेला होता. त्याच्यावर आईबापांची नावंच नसतात. मॅडमनी तो उलटा करून मागची बाजू बघितली, मग मला नीट बघितलं.

शेवटी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. त्यांनी कान, तक्ता काही मागितलं नाही. मराठीचं पहिलीचं पुस्तक पुढे ठेवलं. मुलीने ‘कमळ’ वाचलं, ‘घर’ वाचलं, ‘चंद्र’पाशी ती थबकली आणि ‘हे फुटलंय’ म्हणाली. वयाने तिसरी, गणिताने तिसरी, मराठीने पहिली. तिसरी दिली, पण माझ्याकडून हमीपत्र घेतलं की जोडाक्षरांची जबाबदारी पालकांची राहील. इंग्लंडमधून कुणी मराठी वाचत येईल अशी यांची अपेक्षा होती का? सही केली मी. न करून सांगते कुणाला.

निघताना मॅडमनी धाकट्याकडे बोट केलं. “याचंही करायचंय ना? जन्म?”

“जानेवारी २०२१. रिसेप्शनमध्ये होता.” तो अर्धवट राहिलाय हे मी आपण होऊन बोलले नाही.

त्यांनी तक्ता ओढला. रिसेप्शन म्हणजे ज्युनियर केजी, पुढे सीनियर केजी. मग वयाचं गणित केलं, तेही सीनियर केजी. केजीला पूर्ण-अपूर्ण बघत नाहीत म्हणे. दोन्ही उत्तरं जुळली तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की बस्स.

“बघा,” तक्ता माझ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, “तुमच्याच मुलाला कसा बरोबर बसतो!”