खुलासा : क्यूआर एका कंपनीचा, वॉलेट दुसऱ्या कंपनीचे

«दुकानात ज्या कंपनीचा क्यूआर लावलेला असतो, त्याच कंपनीच्या वॉलेटमधून पैसे भरता येतात.»

हे खरे नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशानुसार पूर्ण केवायसी झालेली वॉलेट 31 मार्च 2022 पासून यूपीआयद्वारे परस्परांशी जोडणे बंधनकारक झाले (केवळ प्रवासासाठीची कार्डे वगळून). यूपीआय क्यूआरमध्ये पैसे साठवलेले नसतात. त्यात दुकानदाराचा यूपीआय पत्ता असतो, साधारण असा :

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Dukan
```

समजा, ग्राहकाने दुसऱ्याच कंपनीच्या ॲपने हा कोड स्कॅन करून 60 रुपये भरले, तर ॲप `pa` पुढचा पत्ता वाचते, ग्राहक पिन देतो, त्याच्या वॉलेटमधून रक्कम वजा होते आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या यंत्रणेतून ती त्या पत्त्याशी जोडलेल्या खात्यात जमा होते. स्टिकरवर कोणाचे बोधचिन्ह आहे, याचा इथे संबंध येत नाही.

व्यवहार अडतो तो बहुधा ग्राहकाच्या बाजूने : किमान माहितीवर उघडलेल्या छोट्या वॉलेटला ही सक्ती लागू नाही. म्हणून स्कॅन झाल्यावर पैसे भरण्याच्या पर्यायांत वॉलेट दिसत नसेल, तर दुकानदाराला दोष देण्याआधी आपले केवायसी पूर्ण आहे का, हे तपासावे.