निळ्या टिकेवरून रुसवा

"ग्रुपवर टिक निळी होत नाही, म्हणजे सगळे मुद्दाम दुर्लक्ष करतात का?"

नाही हो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शेवटच्या माणसाने वाचल्याशिवाय टिक निळी होतच नाही. आमच्या नौपाड्यातल्या घरच्या ग्रुपवर आजोबा दोन-दोन दिवस फिरकत नाहीत, म्हणून केळवणाचा मेसेज राखाडीच राहिला आणि आत्या रुसली. मेसेज दाबून धरा, माहिती उघडा. कोणी वाचला ते नावानिशी दिसतं. स्वतःची निळी टिक बंद ठेवणारेही (आमचे भाऊजी!) तिथे सापडतात, कारण ती सोय ग्रुपला लागू नाही. म्यूट केलेला ग्रुप उघडून वाचला तरी वाचल्याची नोंद होतेच. अर्थात वाचून गप्प बसलेला माणूस घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येही अडकलेला असू शकतो. जेवायला किती पानं, हे विचारायला सरळ फोन करावा.