पोचपावती

अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठीची परीक्षा संपली, पडद्यावर जीआरईचे मार्क झळकले आणि लगेच प्रश्न आला: कोणत्या चार विद्यापीठांना पाठवू? फुकट. मी म्हटलं, घरी जाऊन यादी पक्की करू, एवढी काय घाई! पान सोडून दिलं. खुर्चीतून उठलो तेव्हा ते चार फुकट रिपोर्टही गेले. आता प्रत्येक विद्यापीठाचे पैसे वेगळे, तेही डॉलरात. एवढ्यात आमच्या परभणीत आठवडाभर पाहुणे जेवू घालता येतात.

परीक्षा 25 नोव्हेंबरला झाली. अधिकृत निकाल लागायला आठ-दहा दिवस लागतात. माझा नवव्या दिवशी, 4 डिसेंबरला आला. त्याच रात्री रिपोर्टची ऑर्डर टाकली. तिथून पाठवायला कामाचे पाचेक दिवस. शेवटची तारीख 15 डिसेंबर. गणित बसत होतं. पण 13 तारीख उजाडली तरी विद्यापीठाच्या पोर्टलवर आपलं ‘नॉट रिसीव्ड’.

अशा वेळी शेजारचे काका येणारच. ते पोस्टातून रिटायर झालेत, पण पोस्ट त्यांच्यातून रिटायर झालेलं नाही.

“पावती कुठाय?”

“काका, ते कॉम्प्युटरवरून जातं.”

“जाऊ दे ना. पण पावती? पोचपावती जोडली होती का?”

“तसलं नसतं हो त्यात.”

“मग पोचलं का न्हाई, कळणार कसं तुला?” उत्तर नव्हतं. काकांनी चहा मागवला, बशीत ओतला आणि एका मनीऑर्डरची कथा सुरू केली. ती मानवतहून जिंतूरला निघाली होती, आणि मला वाटतं अजून वाटेतच आहे. मी मनातल्या मनात तास मोजत होतो. न्यूयॉर्कच्या घड्याळात 15 तारखेचे रात्रीचे 11:59, म्हणजे आपल्याकडे 16 तारखेचे सकाळचे 10:29. तेवढीच काय ती वरकमाई.

बशी खाली ठेवत काका म्हणाले, “पाकिटावर नाव काय टाकलंस?”

मी चिडून दोन्ही खाती उघडली. परीक्षेच्या खात्यात पासपोर्टप्रमाणे माझं नि वडलांचं नाव एकाच रकान्यात, अर्जात मात्र वडील मधल्या रकान्यात. त्यात अर्जाचा ईमेल वेगळा.

“हां! नाव जुळलं न्हाई की पाकीट कोपऱ्यात पडून राहतं बघ.”

विद्यापीठाला रजिस्ट्रेशन नंबर, जन्मतारीख आणि पासपोर्टचं पान ईमेलनं धाडलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुमचा स्कोअर 10 तारखेलाच आलाय, अर्जाला जोडला नव्हता, आता जोडला. खाली आणखी एक ओळ होती. 15 तारीख फक्त अर्जाची; तोवर मार्क स्वतः भरलेले चालतात, अधिकृत रिपोर्ट नंतर आला तरी हरकत नाही. ही ओळ त्यांच्या वेबसाइटवर होती म्हणे. असेल. अकराव्या पानावर, बारीक अक्षरात.

काकांना ईमेल दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला.

“ते ठीकय. पण शिक्का कुठाय?”