दोन मिनिटांत छत्तीस आभार

अमळनेरला २०२४च्या फेब्रुवारीत ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि आमच्या बोरीकाठच्या गावाला साहित्याची जी बाधा झाली, ती अजून उतरलेली नाही. त्याआधी वाचनालयाचा वर्धापन दिन म्हणजे सरस्वतीच्या फोटोला एक हार आणि माणशी एक पेढा. आता मंडप असतो, साउंड असतो, बाहेरगावचा वक्ता असतो आणि सगळ्यात शेवटी भरीत-पुरी असते. या भरिताच्या बरोब्बर आधी एक माणूस माइकपुढे उभा करतात. त्याचं भाषण कुणालाच ऐकायचं नसतं, त्यातलं स्वतःचं नाव मात्र प्रत्येकाला ऐकायचं असतं. यंदा तो माणूस मी होतो.

मी धुळ्याला मास्तर आहे. शनिवार-रविवार गावी येतो, म्हणजे गावाच्या दृष्टीने शिकलेला आणि रिकामा. कार्यक्रमाला पाऊण तास असताना वाचनालयाचे सचिव बापू भेटले आणि म्हणाले, "भो, आभार तूच मानजो. मोबाइलवर फोटो धाडेल शे, सगळा नावे त्यामाच शेतस. आन् दोन मिनिटमा आटप, भरीत थंडं व्हई जाई."

फोटो म्हणजे कार्यक्रमपत्रिकेचा स्क्रीनशॉट. तोही बापूंनी दुसऱ्याच्या स्टेटसवरून काढलेला. वरती बॅटरी अकरा टक्के. मधे पत्रिका. पत्रिकेचा तळ, जिथे देणगीदारांची नावं संपतात, तो उत्तर लिहायच्या चौकटीखाली गेलेला. छापखान्यातून आलेली मूळ फाइल कुठे आहे असं विचारलं तर बापू म्हणाले, "ती तं उघडतच नही." मी बोटांनी फोटो मोठा केला. अक्षरं मोठी झाली नाहीत, फक्त धुरकट झाली. गुळावर मुंग्या बसाव्यात तसं विशेष उपस्थितीचं सबंध कलम दिसत होतं. शेवटी कडेची वेलबुट्टी कापून नुसती नावं ठेवली. ही कात्री मला पुढे महागात पडायची होती.

मंडपामागच्या सतरंज्यांच्या ढिगावर बसून मी मोजदाद केली. अध्यक्ष एक, उद्घाटक एक, वक्ते एक, प्रमुख पाहुणे सात, विशेष उपस्थिती नऊ, सौजन्य सहा आणि निमंत्रक म्हणून संचालक मंडळ अकरा. एकूण छत्तीस. मोबाइलचं घड्याळ लावून पहिली चार नावं पदासकट मोठ्याने वाचली, तर वीस सेकंद गेले. नावाला पाच. म्हणजे छत्तीस नावांना तीन मिनिटं, आणि यात 'आभार' हा शब्द एकदाही आलेला नाही. दिलेली वेळ दोन मिनिटं. हे गणित मी पाचवीच्या वर्गाला घातलं असतं तरी पोरांनी सांगितलं असतं की सर, नावं कमी करा.

पण कोणती? शेजारी गावचे आबा येऊन बसले. आबांनी आयुष्यात इतकी आभारप्रदर्शनं केली आहेत की त्यांच्या घरात नारळ विकत आणत नाहीत. ते म्हणाले, पत्रिकेवरून आभार मानू नकोस, सत्काराकडे लक्ष ठेव. पत्रिकेत छापला तो आलाच असं नसतं. शाल-नारळ घेतला तो मात्र आलेला असतोच. म्हणून सत्कार सुरू झाला की पेन काढायचा आणि जो उठेल त्याच्या नावापुढे खूण करायची. जो पत्रिकेत नसताना उठेल, त्याचं नाव शेजारच्याला विचारून खाली लिहायचं.

दुसरी अडचण 'मा.'ची. आपल्याकडच्या पत्रिकेत हे एक अक्षर आणि एक टिंब म्हणजे चकवा आहे. 'मा. सभापती' म्हणजे माननीय सभापती की माजी सभापती? छापणाऱ्याला जागा वाचते, घाम वाचणाऱ्याला फुटतो. आमच्या सात पाहुण्यांत चार 'मा.' होते. आबा म्हणाले, अडलं तर माननीय म्हण. माजीला माननीय म्हटलं तर तो खूश होतो. माननीयला माजी म्हटलं तर तो जेवायला थांबत नाही. खात्रीच करायची असेल तर त्याच्या ड्रायव्हरला विचार. ड्रायव्हरला साहेबांचं पद, मागचं पद आणि कुठून तिकीट मागताहेत ते पद, तिन्ही पाठ असतात. मी विचारलं. चारांतले तीन माजी निघाले. ('सो.'चा प्रश्न नव्हता. आप्पासो., दादासो., नानासो. म्हणजे साहेब, एवढं खानदेशात पोराटोरांना कळतं. बाहेरून आलेल्या सूत्रसंचालक बाई मात्र तासभर "आप्पा सो" असं तोडून म्हणत होत्या आणि आप्पा दर वेळी जागे होत होते.)

सत्कार संपेपर्यंत माझ्या कागदाचं रूप पालटलं. सात पाहुण्यांतले तीन आले होते, एकाने पुतण्या पाठवला होता. विशेष उपस्थितीच्या नवांपैकी दोघेच विशेष, पण पत्रिकेत नसलेले चार जण शाल घेऊन बसले होते. अकरा संचालकांपैकी सात पंगतीच्या तयारीत. मी ठरवलं की मंचावरच्या सहांचं नाव घ्यायचं आणि प्रत्येकाला आज घडलेली एक गोष्ट चिकटवायची, म्हणजे 'आभार मानतो, आभार मानतो' असं जातं चालत नाही. पुतण्याला काकांच्या नावाने पुढे करायचा. बाकीचे झुबक्याने घ्यायचे. देणगीदारांचं नाव घेताना त्यांनी काय दिलं ते बोलायचं, किती दिलं ते नाही. पाच हजार एक आणि अकराशे एका दमात उच्चारले की अकराशेवाला पुढच्या वर्षी गावात नसतो.

आणि जेवणाचा शब्द काढायचा नाही. हा मुद्दा आबांनी दोनदा सांगितला. आभारानंतर पसायदान असतं. 'भोजन' म्हटलं की पहिल्या अक्षरालाच अर्धा मंडप उठतो आणि पसायदान चपलांच्या आवाजात होतं. तसाही त्या संध्याकाळी वाऱ्याचा रोख मंडपाकडे होता. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या बामणोदच्या वांग्यांचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत आला होता आणि वक्त्यांनी लोकसाहित्य अर्ध्यावर सोडलं होतं.

माइकपुढे गेलो आणि सुरू झालो.

"अध्यक्ष महोदय, मंचावरचे मान्यवर आणि बंधुभगिनींनो. आप्पासाहेबांनी अध्यक्षीय भाषण चार मिनिटांत संपवलं, हे उपकार गाव विसरणार नाही." टाळ्या. "उद्घाटक दादासाहेबांनी समई वाऱ्यात तीनदा विझली तरी चौथ्यांदा लावली." पुन्हा टाळ्या. "वक्ते सर जळगावहून एसटीने आले आणि मानधनाचं पाकीट वाचनालयाला पुस्तकांसाठी परत दिलं. माननीय सभापतींनी," इथे तिन्ही माजी ताठ बसले, "आणि सर्व माननीय पाहुण्यांनी शेवटपर्यंत थांबून शोभा वाढवली."

सव्वा मिनिट झालं होतं. आता देणगीदार. मंडपवाले झाले, साउंडवाले झाले, पत्रिका छापून देणारे झाले. मग स्क्रीनशॉटमधली शेवटची ओळ. शेजारच्या गावच्या जिनिंगवाल्या शेटजींचं नाव आणि पुढे 'दोनशे खुर्च्या'. त्याखालची ओळ बापूंच्या स्क्रीनशॉटने खाल्लेली होती. मी आवाज चढवला.

"आणि आज आपण ज्यांच्यामुळे बसलो आहोत, ते शेटजी! त्यांनी वाचनालयाला दोनशे खुर्च्या दिल्या. एवढ्या व्यापातून वेळात वेळ काढून ते आज आपल्यात आले आहेत. मी त्यांना विनंती करतो, की त्यांनी जागेवरच उभं राहून आपल्या टाळ्या स्वीकाराव्यात."

टाळ्या आल्या नाहीत. दुसऱ्या रांगेतून 'खुक्' असा एक आवाज आला, मग तिसरीतून, आणि मग हसू मागे मागे पसरत गेलं. पहिली रांग तेवढी गंभीर होती. मला वाटलं शेटजी लाजताहेत. मी पुन्हा म्हणालो, "संकोच करू नये."

आता बापू मंचाखालून हातवारे करायला लागले. आधी आकाशाकडे बोट, मग दोन्ही हात जोडलेले. त्यावरून मी आटोपतं घ्या एवढाच अर्थ काढला आणि राखून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं, "अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व. पसायदान होईपर्यंत कृपया कुणी जागा सोडू नये." सगळे मिळून दोन मिनिटं दहा सेकंद.

पसायदान झालं, लोक उठले, खुर्च्या फिरल्या, तेव्हा मला त्या पहिल्यांदा पाठीमागून दिसल्या. निळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या ऑइलपेंटने दोन बोटं उंच अक्षरं होती : 'कै.', मग शेटजींचं नाव, आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. दोनशेच्या दोनशे खुर्च्यांवर. दुसऱ्या रांगेपासून मागे प्रत्येक माणूस अडीच तास ते 'कै.' नाकासमोर धरून बसला होता. पहिल्या रांगेपुढे खुर्चीच नव्हती, म्हणून ती गंभीर. मंचाकडे खुर्च्यांची तोंडं, म्हणून मी आंधळा. मोबाइल काढून मूळ स्क्रीनशॉट पाहिला. डाव्या कडेला, वेलबुट्टीला चिकटून, 'कै.' होतं. वेलबुट्टीबरोबर मीच ते कापलं होतं.

शेटजींचे चिरंजीव पहिल्या रांगेत होते. मी जाऊन हात जोडले. ते म्हणाले, "राहू द्या सर. पप्पा असते तर खरंच उभे राहिले असते. टाळ्या ते सोडत नव्हते." त्यांच्या आई शेजारीच होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मधेच डोळे पुसत होत्या.

पंगतीला मी शेवटच्या टोकाला, अंधारात बसलो. पत्रावळीवर पुऱ्या आल्या, कांद्याची पात आली, लोणचं आलं. भरिताची बादली घेऊन आचारी स्वतः आले. पळी माझ्या पत्रावळीवर थांबली आणि तिथेच राहिली.

"का भो," ते म्हणाले, "मरेल मानूसले तू उभा करी दिधा. मी तं जित्ता शे. मनं नाव कोठे गयं?"

आचाऱ्यांचं नाव पत्रिकेत नव्हतं, म्हणून स्क्रीनशॉटमध्ये नव्हतं, म्हणून कागदावर नव्हतं. पहाटेपासून चाळीस किलो वांगी भाजल्याने त्यांची बोटं काळी पडली होती. मी उष्ट्या हाताने उठून उभा राहिलो आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचं नाव, गाव आणि भरीत घेऊन आभार मानले. या वेळी टाळ्या पडल्या, कारण माणूस समोर होता. मग पळी उलटी झाली. एकदा नाही, दोनदा.