पान बघा, चाळणी बघू नका

तुम्हाला पृथ्वी पण वाचवायचीय आणि वर बारा-पंधरा टक्के रिटर्न पण हवाय ना, मग टेन्शन घेऊ नका, सोप्पंय सगळं. फंडाच्या नावात ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार, किंवा सस्टेनेबल, ग्रीन असं काहीतरी असलं आणि माहितीपत्रकाच्या कव्हरवर हिरवं पान असलं, शक्यतो दवबिंदूसकट, की एसआयपी लावून मोकळं व्हायचं. दवबिंदू नसेल तर मात्र जरा विचार करा.

मी पण असाच लावला होता, 2021 च्या सुमारास. नात्यातलाच एक मुलगा फंड विकतो, म्हणाला "काका, एनएफओ आलाय, नवाकोरा फंड, दहा रुपयाला युनिट आणि शिवाय पर्यावरण." शिवाय पर्यावरण म्हणजे वर कोथिंबीर फुकट, सही करून टाकली. सहा महिन्यांनी चुकून पोर्टफोलिओ उघडला (ही चूक तुम्ही करू नका) तर वरती मोठ्या खासगी बँका, त्याखाली आयटी कंपन्या, म्हणजे माझ्या जुन्या इंडेक्स फंडातलीच सगळी मंडळी, फक्त इथे हिरवी शाल पांघरून बसलेली आणि एक्सपेन्स रेशो जास्त. म्हटलं अरे यात पर्यावरण कुठंय? तर म्हणाला, "काका, बँकेला कधी धुराडं बघितलंय का?"

खरंय ना. बँकेच्या शाखेतून धूर येत नाही, फार तर एसीचं बिल येतं. धूर येतो तो तिने कर्ज दिलेल्या वीज प्रकल्पातून, पण असा दुसऱ्याच्या धुराड्यातून निघालेला धूर स्कोप 3 नावाच्या अडगळीच्या खोलीत जातो आणि पाहुणे आले की ती खोली आपण बंदच ठेवतो.

रेटिंगचं पण तसंच. ईएसजी रेटिंग चांगलं म्हणजे कंपनी नदी-जंगलाशी चांगली वागते असा भाबडा समज करून घ्या, फार शांत झोप लागते. बऱ्याच रेटिंगांत उलटं मोजलेलं असतं, म्हणजे पर्यावरणाच्या भानगडींमुळे कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे ते. नदीला कंपनीकडून काय धोका, हा प्रश्न त्या पेपरात आऊट ऑफ सिलॅबस.

आता चाळणी. सेबीने जुलै 2023 मध्ये ईएसजी फंडांचे सहा प्रकार केले आणि नियम घातला की कुठला प्रकार ते फंडाच्या नावात लिहा, किमान 80% पैसे त्याच पद्धतीने लावा आणि उरलेले पण तत्त्वाच्या ढळढळीत विरोधात नकोत. उगाच तुमची झोप मोडायचे धंदे. म्हणून नावातला ईएसजीच्या पुढचा शब्द वाचूच नका, कारण खरी गोष्ट तिथेच असते. एक्स्क्लुजन असेल तर तंबाखू, दारू, जुगार, कोळसा असलं काहीतरी वगळलेलं असतं. बेस्ट-इन-क्लास असेल तर काहीच सरसकट वगळायची गरज नाही, प्रत्येक वर्गातला हुशार मुलगा घ्यायचा, म्हणजे सिमेंटवाल्यांत जो त्यातल्या त्यात कमी कार्बन सोडतो तो आत. आता यात फसवणूक नाहीये बरं का, सिमेंट कोणीतरी करणारच तर जो बरं करतो त्याला पैसे मिळावेत हा विचार ठीकच आहे, पण तुम्ही पवनचक्क्या समजून घेतलंत आणि निघालं सिमेंट तर तो दोष पानाचा, नाही का.

एक्स्क्लुजनवाला फंड घेतलात तर "कोळसा वगळला" एवढंच वाचा, खालच्या बारीक अक्षरातलं "उत्पन्नाच्या 5% पेक्षा जास्त" हे वाचू नका. समजा एका अवाढव्य कंपनीचं उत्पन्न 40,000 कोटी आणि त्यातलं कोळशाचं 1,600 कोटी, म्हणजे 4%, पास. दुसरी चिमुकली, उत्पन्न 200 कोटी, कोळशाचं 20 कोटी, म्हणजे 10%, नापास, बाहेर. पहिलीचा कोळसा दुसरीच्या 80 पट, पण चाळणीची भोकं टक्क्यांची असतात, टनांची नाही.

आणि कंपनीने "उत्सर्जन तीव्रता 20% घटवली" असं छापलं की टाळ्या वाजवा. समजा गेल्या वर्षी 10,000 कोटींच्या विक्रीवर 10 लाख टन कार्बन सोडला, म्हणजे कोटीमागे 100 टन. यंदा मालाचे भाव वाढले, विक्री 15,000 कोटी झाली, कार्बन 12 लाख टन, कोटीमागे 80. झाली की घट! हवेत दोन लाख टन जास्त गेले, पण हवा काय अहवाल वाचते?

तुम्हाला वाटेल हे सगळं आपल्याकडेच. छे. व्हॅनगार्डचं नाव ऐकलं असेल, जगातल्या सगळ्यात मोठ्या फंड कंपन्यांपैकी एक. तिच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेचा एक बाँड फंड होता, नावातच "एथिकली कॉन्शस", म्हणजे नीतीची चाड असलेला. गुंतवणूकदारांना सांगितलेलं की तेल-कोळसा, तंबाखू वगैरेंशी संबंध असलेले रोखे चाळून बाजूला काढतो. गंमत अशी की चाळणी ठीकठाक होती, पण सगळं धान्य तिच्यातून गेलंच नव्हतं. बाजारमूल्याने बघितलं तर फंडातल्या सुमारे 74% रोख्यांची छाननीच झाली नव्हती. नियामकाने दावा लावताना आत सापडलेली नावं दिली, त्यात अबू धाबीच्या कच्च्या तेलाच्या पाइपलाइनचे पण रोखे. नीतीची चाड असलेली पाइपलाइन! चूक कंपनीने स्वतःच जाऊन कळवली होती, तरी सप्टेंबर 2024 मध्ये कोर्टाने 1 कोटी 29 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोकला.

यातून घ्यायचं ते घ्या. "आम्ही काय वगळतो" याची यादी लांबलचक असली की खूश व्हा, पण "किती टक्के पोर्टफोलिओ तपासला आणि ज्यांचा डेटाच नाही त्यांचं काय करता" असलं कोणी विचारत नाही, तुम्हीच कशाला विचारताय. डेटा नाही म्हणजे पाप नाही, हाच तर सगळ्यात सोयीचा अर्थ.

अमेरिकेतला प्रकार तर मला फारच आवडतो, आपल्या ऑफिसातल्यासारखा. गोल्डमन सॅक्सच्या फंड शाखेत नियम होता की शेअर निवडायच्या आधी त्या कंपनीची ईएसजी प्रश्नावली भरायची. तिथल्या नियामकाला आढळलं की कित्येक प्रश्नावल्या शेअर निवडून झाल्यावर भरल्या होत्या. नोव्हेंबर 2022 मध्ये 40 लाख डॉलर भरून, आरोप मान्य पण नाही अमान्य पण नाही असं म्हणत, प्रकरण मिटवलं. आधी लग्न, मग पत्रिका.

तरी तुम्हाला खाज असेलच तर महिन्याचा पोर्टफोलिओ उघडा, पहिली दहा नावं निफ्टीच्या पहिल्या दहांशेजारी ठेवा, मग फंडाने कंपन्यांच्या ठरावांवर कुठे विरोधात मत दिलं आणि का दिलं ते बघा, सेबीने तेही जाहीर करायला लावलंय. मी आमच्या त्या मुलाला एवढंच विचारलं की बाबा, तुमच्याकडे आधी शेअर घेतात का आधी फॉर्म भरतात. "विचारून सांगतो काका" म्हणाला. त्याला चार महिने झाले, हप्ता मात्र दर पाच तारखेला न विचारता जातोय.