कार्यशाळा पुढे ढकलली, पण कळवलं नाही: आमचं उत्तर

“शनिवारी सकाळी छायाचित्रणाच्या कार्यशाळेला पोचलो तर दाराला कुलूप. आदल्या रात्री फोनवर आठवणसुद्धा आली होती! लिंक उघडली तर ‘पान सापडले नाही’. पुढे ढकललं तर निदान कळवायचं तरी.”

नमस्कार. चूक माझी आहे. ती कुठे झाली हे नीट पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

शिकवणारे आजारी पडल्यानं बुधवारी कार्यशाळा पुढे ढकलली. नवी तारीख ठरली नव्हती. जुनी तारीख पाहून आणखी कुणी नाव नोंदवू नये, म्हणून मी पानच डिलीट केलं. नवी नोंदणी थांबली खरी, पण आधी नाव दिलेल्या 46 जणांना काहीच कळलं नाही. वर पानाबरोबर त्यांची यादीही गेली. पावत्यांवरून ईमेल शोधत बसलो, आणि तुमच्यासकट काही जण राहूनच गेले.

आदल्या रात्रीची आठवण आमच्याकडून आली नव्हती, पण त्यामागेही आम्हीच आहोत. ‘कॅलेंडरमध्ये जोडा’ दाबल्यावर एक .ics फाइल उतरते आणि तुमच्या फोनमध्ये स्वतंत्र नोंद तयार होते. पान गेलं तरी ती नोंद जात नाही. ती मागे घ्यायची तर मूळ फाइलमधला UID, म्हणजे त्या नोंदीचा ओळख क्रमांक, तसाच ठेवून रद्द झाल्याची फाइल पाठवावी लागते. त्यात या ओळी असतात:

```
METHOD:CANCEL
STATUS:CANCELLED
```

UID वेगळा पडला तर जुनी नोंद जागची हलत नाही. शिवाय हातानं जोडलेली नोंद अशा फाइलनं निघेलच याची खात्री नसते. म्हणून यापुढे ईमेलच्या विषयातच ‘शनिवारची कार्यशाळा होणार नाही’ असं लिहू आणि कॅलेंडरमधली नोंद हातानं काढायलाही सांगू.

त्याच पानावर फक्त तारीख बदलली असती तर, असंही एकानं विचारलं. तसं केलं की शनिवारसाठी दिलेला होकार परस्पर दुसऱ्या दिवसाला चिकटतो, आणि त्या दिवशी तुम्ही मोकळे आहात का हे कुणी विचारलेलंच नसतं. त्यापेक्षा जुनं पान रद्द म्हणून राहू द्यावं आणि नव्या तारखेला नव्यानं होकार घ्यावा.

आता आधी यादी उतरवून घेतो, मग सगळ्यांना ईमेल आणि एसएमएस जातो, त्यानंतर नोंदणी बंद करून पानाच्या माथ्यावर ‘पुढे ढकलले’ लिहितो. ठरलेला दिवस उलटेपर्यंत पान हलवत नाही, कारण दारात उभा राहिलेला माणूस पहिल्यांदा तीच जुनी लिंक उघडतो. तुम्हीही तेच केलंत.

तुमची फी काल परत पाठवली आहे. नवी तारीख ठरली की कळवू; तोवर तुमचं नाव कुठल्याही यादीत आपोआप घालणार नाही.